डेटा लीक झाल्यावर क्लायंटला माफीचं पत्र पाठवताय? आधी या चुका टाळा

टॅक्सचं काम करणाऱ्या ऑफिसात लोकांचं काय काय पडलेलं असतं बघा, पॅन, आधारची झेरॉक्स, बँक स्टेटमेंट, कॅन्सल चेक, आणि आपल्याकडं तर बऱ्याच क्लायंटचा इन्कम टॅक्स पोर्टलचा पासवर्ड पण ऑफिसच्याच एक्सेल शीटमध्ये असतो. ऑफिसचा मेल एकदा कुणाच्या हाती लागला की हे सगळं गेलं असं धरायचं, आणि मग क्लायंटला पत्र लिहायला बसलं की हात नेमका तिथंच अडखळतो.

समजा लातूरचं एक ऑफिस आहे. 3 जूनला ऑपरेटरला जीएसटी नोटीस म्हणून मेल आला, त्यानं लिंक उघडली, समोर आलेल्या पानावर मेलचा पासवर्ड टाकला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन बंदच होतं. 7 तारखेला मोंढ्यातल्या एका आडत्याचा फोन, "साहेब, फी नवीन खात्यावर टाका म्हणून तुमचा मेल आलाय, बँक बदलली का काय?" मग धावपळ, पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, आणि संध्याकाळी घाईघाईत हे पत्र तयार:

"काही तांत्रिक अडचणीमुळे आपली गैरसोय झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत. आपला सर्व डेटा पूर्णपणे सुरक्षित आहे. काळजी नसावी."

तीन वाक्यं, आणि तिन्ही गोत्यात आणणारी.

पहिलं वाक्य घ्या. लाईट गेली तर गैरसोय होते, इथं परक्या माणसानं क्लायंटचे कागद उघडलेत, त्याला तांत्रिक अडचण म्हटलं की वाचणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं की हे लपवायलेत. काय झालं ते सरळ लिहा आणि तारखा दोन्ही द्या, शिरकाव कधी झाला आणि आपल्याला कधी कळलं. मधले चार दिवस लिहायला जड जातं हे खरं, पण त्या चार दिवसांत ज्यानं फी भरली त्याला तीच तारीख लागते. आणि "ऑपरेटरच्या चुकीमुळे" असलं काही पत्रात नको. पोरानं पासवर्ड टाकला हे खरं असलं तरी टू-स्टेप चालू ठेवायचं काम मालकाचं होतं.

दुसरं वाक्य सगळ्यात धोक्याचं. डेटा सुरक्षित आहे हे तुम्हाला कळलं कसं? साध्या जीमेल खात्यात अलीकडची लॉगिन दिसतात, कुठून झाली ते अंदाजानं दिसतं, पण आत येऊन त्यानं कोणता मेल वाचला, कोणती अटॅचमेंट उतरवून घेतली, हे कुठंच दिसत नाही. म्हणजे "कुणी पाहिलं नाही" असं म्हणायला तुमच्याकडं काहीच नाही. दुसरं असं की 3 तारखेला शिरला म्हणून 3 तारखेनंतरचेच मेल त्याला दिसले असं बरेच जण धरून चालतात, तसं नसतं, डबा उघडला की पाच वर्षांपूर्वीचं आधार पण त्यातच. आणि पत्र पाठवायच्या आधी सेटिंगमध्ये Forwarding and POP/IMAP आणि Filters and Blocked Addresses या दोन जागा बघाच. "bank" किंवा "payment" शब्द असलेला प्रत्येक मेल बाहेरच्या पत्त्यावर जावा असा फिल्टर लावून ठेवायची असल्या चोरांची जुनी सवय आहे, पासवर्ड बदलला तरी फिल्टर तसाच राहतो आणि तुम्ही इकडं "धोका टळला" लिहून बसता.

मग लिहायचं कसं? जे माहीत आहे ते, जे माहीत नाही ते, आणि आपण काय धरून चाललोय ते. असं:

"3 जून रोजी आमच्या ऑफिसच्या ईमेलचा पासवर्ड फसव्या लिंकमधून बाहेरच्या व्यक्तीकडे गेला. हे आम्हाला 7 जूनला कळले. या काळात ती व्यक्ती मेल पाहू शकत होती. नेमके काय पाहिले हे आम्हाला सांगता येत नाही, म्हणून तुम्ही आजवर मेलने पाठवलेली सर्व कागदपत्रे तिच्याकडे गेली असे धरूनच आम्ही पुढची पावले उचलत आहोत. तुमच्या बाबतीत ती अशी: पॅन, आधार, दोन वर्षांचे बँक स्टेटमेंट. ही जबाबदारी आमची आहे आणि त्याबद्दल आम्ही तुमची माफी मागतो."

"तुमच्या बाबतीत" नंतरची यादी प्रत्येकाची वेगळी लागते. क्लायंटच्या नावानं मेलबॉक्समध्ये सर्च मारून अटॅचमेंट बघायच्या, वेळ जातो, पण सगळ्यांना एकच पत्र टाकलं तर ज्याचं फक्त पॅन गेलं तो उगाच घाबरतो आणि ज्याचा पासवर्ड गेला तो निवांत बसतो.

आता "काळजी नसावी". त्या जागी काम सांगा, आणि जे गेलं त्याप्रमाणं सांगा. पोर्टलचा पासवर्ड गेला असेल तर आजच बदला आणि लॉगिन करून ई-फायलिंग व्हॉल्ट हे पोर्टलचं जादाचं कुलूप चालू करा. खाते नंबर आणि आयएफएससी गेले म्हणून खातं बंद करायची गरज नाही, तेवढ्यावर पैसे निघत नाहीत, पण कॅन्सल चेकवर सही असेल तर बँकेत सांगून ठेवा. आधार गेलं असेल तर बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे अंगठ्याच्या ठशावर कुणी पैसे काढू शकत नाही. फक्त हे लिहिताना पुढचं पण लिहा, की लॉक असेपर्यंत तुमचा स्वतःचा अंगठा पण रेशन दुकानात चालणार नाही, आधी तात्पुरतं अनलॉक करावं लागेल, नाहीतर औशाचा माणूस दुकानासमोर उभा राहून तुम्हालाच फोन लावतो. आणि ज्यांनी त्या खोट्या खात्यावर फी भरली त्यांना पत्राची वाट बघायला लावू नका, फोन करून लगेच 1930 वर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करायला सांगा, पैसे गोठवता येतात ते पहिल्या काही तासांतच.

सरकारला कळवायचं वेगळं असतं. सायबर सुरक्षा बघणारी सरकारी संस्था सर्ट-इन, तिच्या एप्रिल 2022 च्या निर्देशाप्रमाणं असा प्रकार लक्षात आल्यापासून 6 तासांत incident@cert-in.org.in वर कळवायचं असतं. पत्रात "कळवले" लिहिलं तर खरंच कळवलेलं असू द्या, तारखेसकट. क्लायंटला काय काय सांगायचं याची यादी 2025 च्या डेटा संरक्षण नियमांत आहे: काय, किती आणि कधी झालं, त्याचा परिणाम काय होऊ शकतो, आपण काय केलं, त्यानं काय करावं, आणि कुणाशी बोलावं. तो भाग लागू व्हायला नियमांतच 18 महिन्यांची मुदत दिलीय, पण यादी आजच वापरायला कोण अडवतंय.

पाठवताना होणारी चूक तर हसावं का रडावं अशी. दोनशे क्लायंटचे पत्ते To मध्ये टाकून पत्र सोडायचं, म्हणजे कोण कोण तुमचा क्लायंट आहे हे सगळ्यांनाच कळलं, एक लीक सांगताना दुसरी करून मोकळे. प्रत्येकाला वेगळं पाठवा, नाहीच जमलं तर निदान Bcc, पण मग ती वेगळी यादी जोडता येत नाही हे लक्षात घ्या. पत्रात लिंक टाकू नका, ओटीपी किंवा कागदपत्रं परत मागू नका, कारण चोर पण आता तुमच्याच नावानं असलंच पत्र पाठवणार आहे. खाली नाव एकाच माणसाचं द्या, नंबर तोच द्या जो क्लायंटकडं आधीपासून सेव्ह आहे, आणि "आमचे खाते बदललेले नाही, बदलले तर आम्ही फोन करून सांगू" हे वाक्य ठळक करा. जे मेल बघत नाहीत त्यांना छापील प्रत द्या, गावाकडचे निम्मे क्लायंट त्यातच येतात.

शेवटी पुढच्या पत्राची तारीख द्या, "20 जूनला पुन्हा लिहू". त्या दिवशी नवीन काहीच कळलेलं नसलं तरी तेवढं सांगणारं दोन ओळींचं पत्र गेलंच पाहिजे, नाहीतर 21 तारखेला लोकं ऑफिसच्या पायऱ्यांवर.