पोलजवळचं चिन्ह: लिमिट लिहिण्याआधीची तयारी

पोल म्हणजे काटाकाट झाल्यावरही छेद जिथे शून्य होतो ती x ची किंमत. तिच्याजवळ फंक्शन +∞ कडे जातं की −∞ कडे हे ठरवायचं असेल, तर आधी अंश आणि छेद दोन्हींचे पूर्ण अवयव पाडून घ्या; त्याआधी + किंवा − काहीही लिहू नका. उदाहरण म्हणून हे फंक्शन घेऊ:

f(x) = (x² − 4x − 5) / (x³ − 3x − 2)

छेदाचे अवयव (x+1)²(x−2) असे निघतात. वर्ग दिसला की बरेच जण लगेच ठरवून टाकतात की −1 च्या दोन्ही बाजूंना चिन्ह सारखंच राहणार. इथेच उत्तर चुकतं, कारण अंश (x−5)(x+1) आहे. त्यातला x+1 छेदातल्या एका x+1 बरोबर जातो आणि उरतं (x−5)/((x+1)(x−2)). म्हणजे घात सम की विषम हे पाहायचं, पण काटाकाट झाल्यावर. वर्गातलं आता एकच x+1 उरलंय, त्यामुळे −1 ओलांडताना चिन्ह बदलणारच.

मग एकेक पोल घ्या. शून्याकडे जाणारा अवयव बाजूला ठेवा आणि बाकीच्यांत सरळ किंमत घाला. x = −1 ला x−5 होतो −6, x−2 होतो −3; त्यांचा भागाकार +2. आता सगळं x+1 वर अवलंबून आहे. डावीकडे तो ऋण, म्हणून −∞. उजवीकडे धन, म्हणून +∞. x = 2 ला बाकीच्यांची किंमत −3 भागिले 3, म्हणजे −1. x−2 डावीकडे ऋण आहे, ऋण गुणिले ऋण धन, म्हणून डावीकडून +∞ आणि उजवीकडून −∞. छेदात x−2 ऐवजी 2−x दिलेला असेल तर त्यातला वजा आधी बाहेर काढा. घाईत चिन्ह उलटतं ते बहुतेक वेळा इथेच.

पडताळा जवळच्या किमतीने घ्या. f(1.99) साधारण 100.7 येतं आणि f(2.01) साधारण −99.3, म्हणजे चिन्हं जुळली. "2 च्या उजवीकडची कुठलीही संख्या चालेल" असं मात्र समजू नका. 6 घेतलंत तर f(6) = 1/28, चक्क धन! मधे 5 ला अंश शून्य होऊन चिन्ह पालटलेलं असतं. चाचणीची संख्या पोल आणि त्याच्या शेजारचं शून्य किंवा दुसरा पोल यांच्या मधलीच हवी. म्हणून मी आधी संख्यारेषेवर −1, 2 आणि 5 मांडून ठेवते, मगच संख्या निवडते.

शेवटी उत्तरात दोन्ही बाजू वेगवेगळ्या लिहा. 2 जवळ एकीकडे +∞ आणि दुसरीकडे −∞ असल्यामुळे दोन्ही बाजूंची मिळून लिमिट अस्तित्वात नाही. तिथे नुसतं ∞ लिहिलं तर ते चूक ठरतं.