डॅडोच्या हिशोबात कोनाडा वजा करताना हात आवरा

डॅडोला, म्हणजे भिंतीवर ठरावीक उंचीपर्यंत लावायच्या टाइलला, किती माल लागेल हे काढताना साइटवर नव्याने आलेल्यांना परिमिती गुणिले उंची येतेच. घोळ होतो तो वजावटीत, आणि मला सर्वांत जास्त नाचवलं ते कोनाड्याने.

जळगावकडच्या घरांत नेहमी दिसणारं बाथरूम घेऊ: 8 बाय 5 फूट, डॅडो 7 फूट. परिमिती 26, म्हणजे 182 चौरस फूट. माप गिलावा झाल्यावर घ्या, नकाशावरून नको. दरवाजा चौकटीच्या बाहेरून बाहेर अडीच फूट रुंद आणि 7 फूट उंच, म्हणून साडेसतरा वजा.

खिडकी 2 बाय दीड फूट, पण तिचा तळ 6 फुटांवर आहे. डॅडोच्या आत तिचा एकच फूट येतो. म्हणून वजा 2, 3 नाही. तळाला कडप्पा बसणार असेल तर फक्त दोन्ही बाजूंच्या 4 इंची पट्ट्या मिळवा, 0.67.

आता कोनाडा: दीड बाय 2 फूट, 4 इंच खोल. भोक दिसलं की 3 चौरस फूट उडवायचा मोह होतो. उडवू नका! समोरचं भोक 3, आतली मागची भिंतही 3, आणि तिथेही टाइल लागतेच. ती फिटंफाट. शिवाय आतल्या चारही कडा राहतात: 7 फूट गुणिले 4 इंच, म्हणजे 2.33 चौरस फूट. कोनाड्याने क्षेत्रफळ कमी होत नाही, वाढतं. आमच्या मिस्त्रीचं एक वाक्य कोणत्याही तयार एक्सेलपेक्षा मोलाचं: "दादा, कोनाडा फुकट नई शे."

कारण कटिंग. 12 बाय 18 इंचाच्या टाइलमधून 4 इंची पट्ट्या तीन निघाव्यात असं वाटतं, पण कटरचं पातं थोडं खातं आणि तिसरी पट्टी कमी भरते. वरची एक, खालची एक, दोन्ही उभ्या बाजूंना एकेक, आणि त्यांच्या उरलेल्या सहा-सहा इंचांसाठी आणखी एक: पाच पट्ट्यांना 3 टाइल्स. म्हणजे 2.33 साठी साडेचार चौरस फूट माल. गिलाव्यात 0.5 चौरस मीटरपर्यंतचं ओपनिंग वजाही करत नाहीत आणि त्याच्या कडाही धरत नाहीत. तो बिलाचा नियम आहे, त्यावरून टाइल्स मागवू नका.

घाबरण्यासारखं मात्र काही नाही. 182 मधून दरवाजा-खिडकीचे 19.5 गेले, खिडकीच्या पट्ट्या आणि कोनाड्याच्या कडा मिळून 3 मिळवले: 165.5. दीड चौरस फुटाची टाइल, म्हणजे 110.3 नग. 10 टक्के तूट धरून 122, आणि पट्ट्यांचा जादा माल त्यातच मावतो. दोन-तीन कोनाडे असतील तर त्यांच्या टाइल्स वेगळ्या मोजा, टक्क्यांवर सोडू नका. पेटीत 6 नग असतील तर 21 पेट्या, आणि दुकानातून निघण्याआधी सगळ्यांचा लॉट नंबर एकच आहे ना, ते बघा.