मोटारसायकलच्या मॅन्युअलचा मराठी अनुवाद: सुरुवात चेनपासून करा

अनुवादाला बसण्याआधी मॅन्युअल हातात घेऊन गाडीपाशी जा आणि चेनचं पान तिथेच वाचा. चेन, क्लच, स्पार्क प्लग आणि टायरमधली हवा या चार प्रकरणांत चेनचं सगळ्यात अवघड आहे. ते नीट जमलं की बाकीच्यांची भाषा बरीचशी ठरून जाते.

आधी शब्द ठरवून घ्या. चेन, स्प्रॉकेट, ॲडजस्टर, एक्सल नट, लॉकनट हे गॅरेजात जसे बोलतात तसेच ठेवा. ‘दंतचक्र’ लिहिलंत तर वाचणारा आधी त्याचा अर्थ शोधेल, मग पाना. मात्र ‘स्लॅक’साठी ‘ढील’ हा चांगला शब्द आपल्याकडे आहे, तो वापरा. एकदा ‘ढील’ लिहिलंत की पुढे ‘सैलपणा’ नको, नाहीतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं वाटतं.

समजा मूळ मजकूर सांगतो की गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून खालच्या बाजूची चेन दोन स्प्रॉकेटच्या मधोमध तपासा, ढील २० ते ३० मिमी असावी. यावरून ‘चेन वर-खाली २० ते ३० मिमी हलली पाहिजे’ असं वाक्य सहज लिहिलं जातं. ते वाचून कुणी वर २० आणि खाली २० मोजेल, म्हणजे एकूण ४० मिमी ढील असूनही चेन ठीक आहे असं समजेल. आकडा बरोबर, काम चुकीचं. त्यापेक्षा असं लिहा: ‘खालच्या चेनच्या मधोमध बोट लावा. चेन खाली ओढून एक खूण करा, वर ढकलून दुसरी करा. दोन खुणांमधलं अंतर २० ते ३० मिमी असावं.’ वाक्यं वाढली तरी हरकत नाही.

चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. म्हणून चाक थोडंथोडं फिरवून ढील अनेक ठिकाणी मोजा, अशी सूचना बहुधा असतेच. अनुवादात ती गाळू नका. सैल जागी मोजून चेन ताणली तर घट्ट जागी ती ओढली जाते आणि बेअरिंगवर ताण येतो.

पुढचा खड्डा ‘घट्ट करा’ या शब्दांचा. इंग्रजीत चेन आणि नट दोन्हींसाठी एकच क्रियापद चालतं. मराठीत चेन ताणा आणि नट आवळा. क्रमही कामाचाच ठेवा: एक्सल नट सैल करा, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा, दोन्हीकडच्या खुणा जुळल्या का पाहा, एक्सल नट ठरलेल्या टॉर्कने आवळा, ढील पुन्हा मोजा. ‘ढील मोजण्यापूर्वी नट आवळा’ अशी उलटी रचना आली की हातात पाना असलेला माणूस अडखळतो. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक सरकल्यावर ब्रेक पेडलची चालही तपासावी लागते. ते वाक्य बहुधा पानाच्या तळाशी असतं आणि निसटतं.

क्लचच्या पानावर ‘फ्री प्ले’ भेटतो. मी ‘मोकळी चाल’ लिहितो, पण पहिल्यांदा येते तिथे खुलासा करतो: लिव्हर दाबायला लागल्यापासून हाताला ताण जाणवेपर्यंत लिव्हरचं टोक जेवढं सरकतं ते अंतर. ‘टोक’ हा शब्द हवाच, कारण तेच अंतर लिव्हरच्या मधोमध मोजलं तर कमी भरतं. १० ते २० मिमीच्या जागी चाल फारच कमी राहिली तर क्लच घसरतो. फार जास्त झाली तर गिअर अडकत पडतात.

प्लगच्या पानावर अपूर्णांक जपा. वॉशर टेकेपर्यंत प्लग हातानेच फिरवायचा. त्यानंतर नवा असेल तर पान्याने अर्धा फेरा, जुनाच परत बसवत असाल तर १/८ ते १/४ फेरा, अशी सूचना अनेक मॅन्युअलमध्ये असते. कारण नव्या प्लगचा वॉशर दाबला जायचा असतो, जुन्याचा आधीच दबलेला असतो. दोन्हींसाठी मिळून ‘थोडा आवळा’ असं लिहिलंत तर नवा प्लग सैल राहील किंवा जुन्याने सिलिंडर हेडचे आटे जातील.

हवेच्या तक्त्यात भाषा थोडी, धोका जास्त. ‘थंड टायर’ म्हणजे हिवाळ्यातला टायर नव्हे. गाडी निदान तीन तास उभी असावी, असा त्याचा नेहमीचा अर्थ. मॅन्युअलमध्ये व्याख्या असेल तर तीच घ्या. चालून तापलेल्या टायरमधला दाब जास्त दिसतो आणि लोक हवा सोडतात. ‘एकट्याने’ आणि ‘डबलसीट’ असे दोन रकाने करा. एकक स्वतः बदलू नका: छापील २५ पीएसआयशेजारी १७५ किलोपास्कल असेल तर गणित करून १७२ लिहायचं नाही, कारण तिथे कंपनीनेच आकडे गोल केलेले असतात.

शेवटी, इंग्रजी मजकूर न वाचलेल्या कुणाला तरी अनुवाद आणि फूटपट्टी देऊन चेनची ढील मोजायला सांगा. तुम्ही मध्ये बोलू नका. तो जिथे थांबून तुमच्याकडे पाहील, ते वाक्य पुन्हा लिहा.