रिमवरचं शिसं पडलंय का, कसं ओळखावं?

पावसाळ्यात चोर्ल्यातून गोव्याला जाऊन आलो आणि तांबड्या चिखलानं भरलेली गाडी दुसऱ्या दिवशी बेळगावात धुवायला दिली. पुढच्या रविवारी निपाणीला निघालो, तर हायवेला लागल्यावर ८५ च्या पुढं स्टेअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंग करून दोनच महिने झाले होते. गाडीत बसलेला भाचा म्हणाला, "मामा, अलाइनमेंट गेली की काय?" अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतो. ठरावीक वेगाला थरथर सुरू होते ती बहुधा बॅलन्सिंगमुळं. चाकाचा तोल साधायला रिमवर छोटी वजनं लावतात, त्यांनाच शिसं म्हणतात; ती पडली की तोल जातो.

आधी थरथर नीट ओळखा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर वेग हळूहळू ८० ते १०० पर्यंत न्या. स्टेअरिंग थरथरलं तर पुढचं चाक बघायचं. सीट आणि पायाखालची फळी थरथरली तर मागचं. फक्त ब्रेक दाबल्यावर हादरत असेल तर शिसं शोधत बसू नका, ब्रेकची डिस्क तपासा. आणि तीस-चाळीसलाच गाडी डुलत असेल तर टायरला फुगा आलाय किंवा रिम वाकलंय.

आता चाकाकडं. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, ब्रेक थंड होऊ द्या. पहिल्यांदा रिमच्या आतला चिखल बघा. खानापूरची तांबडी माती असो की चिकोडीकडची काळी, आत एका बाजूला वाळून बसली की तीही चाकाचा तोल घालवते. माती काढल्यावर थरथर गेली तर काम तिथंच संपलं.

नाही गेली, तर शिसं शोधा. लोखंडी रिमला ते कडेवर ठोकून बसवलेलं असतं. अलॉयला मात्र आतल्या बाजूनं चिकटवतात, ५-५ ग्रॅमच्या तुकड्यांची पट्टी असते. म्हणून बाहेरून बघून काही कळत नाही. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, टॉर्च लावा आणि मोबाईल आत धरून व्हिडिओ काढा. ब्रेकच्या कॅलिपरमागं झाकलेला भाग दिसावा म्हणून गाडी पाव फेरा पुढं घ्या, पुन्हा बघा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही.

खरी मेख पुढं आहे. रिकामी जागा दिसली म्हणजे शिसं पडलंच, असं नसतं. मागच्या बॅलन्सिंगला टायरवाल्यानं जुनं काढून दुसरीकडं लावलेलं असू शकतं. फरक खुणांत असतो. मुद्दाम काढलेल्या जागी खरवडल्याच्या रेघा असतात, वर जुनी धूळ बसलेली असते. आपोआप पडलेल्या जागी भोवतीच्या काळपट ब्रेकच्या धुळीत स्वच्छ चौकोन उठून दिसतो, बऱ्याचदा टेपचा फाटका स्पंजही तिथंच असतो. लोखंडी रिमच्या कडेवर क्लिपचा ओरखडा दिसतो. तो ताजा असेल तर चकाकतो, जुना असेल तर गंजलेला असतो. एकही शिसं नाही आणि खूणही नाही, तर डोळ्यांनी निकाल लागत नाही. काही चाकांना शिसं लागतच नाही. तिथं मशीनच हवं.

माझ्या डाव्या पुढच्या चाकात दोनच तुकडे उरले होते आणि शेजारी बोटभर लांबीचा स्वच्छ पट्टा. जुन्या बिलावर त्या चाकाला आतून ३० ग्रॅम लिहिलेले. म्हणजे २० गेले. २० ग्रॅम ऐकायला काहीच नाही, पण १४ इंची रिमवर ताशी १०० च्या वेगाला तेवढी उणीव चाकाला साधारण तीन किलोच्या जोरानं ओढते, सेकंदाला पंधराएक वेळा. वेग निम्मा केला की जोर पावपट होतो, म्हणून गावात काहीच जाणवत नाही.

पडलं का? धुताना प्रेशरचा फवारा जवळून थेट पट्टीवर बसला असावा; पण रिम नीट न पुसता, ओलसर असताना चिकटवलेलं शिसंही असंच निघतं. खड्ड्यात आपटून क्लिपवालं उडतं.

हरवलं तेवढं शिसं घरी अंदाजानं चिकटवू नका. जागा चुकली तर तोल नीट जमत नाही. टायरवाल्याला सांगा: जुनी पट्टी आणि टेपचा चिकटा पूर्ण काढा, रिम पुसून कोरडं करा, नवं लावल्यावर चाक मशीनवर पुन्हा फिरवून दोन्ही बाजूंना शून्य दाखवा. चाक गाडीला लावायच्या आधी आतल्या बाजूचा एक फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी मोबाईलमधली पट्टी आणि समोरची पट्टी शेजारी ठेवून तुकडे मोजले की झालं.