अहवालात ‘किती सत्रं घेतली’च्या जागी ‘किती मुलं वाचू लागली’

आमच्या वाचनवर्गांचा अहवाल निधी देणाऱ्या संस्थेकडून परत आला. मी लिहिलं होतं: ४८ सत्रं, ६ शाळा, ३०० पुस्तकं. तिथल्या ताईंनी फोनवर एवढंच विचारलं, “मुलं वाचायला लागली का हो?”

उत्तर आमच्याच वहीत होतं. जूनमध्ये आमच्या वर्ग घेणाऱ्या ताईंनी प्रत्येक मुलाची पातळी लिहून ठेवली होती: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. फेब्रुवारीत तीच चाचणी, त्याच पद्धतीने पुन्हा घेतली.

पहिल्यांदा मी चुकले. जूनच्या ८६ मुलांची टक्केवारी फेब्रुवारीच्या ७१ मुलांशी लावली. मधली १५ मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती आणि त्यातली बरीच अक्षरावरच अडकलेली. ती वगळली गेली, की आकडा आपोआप फुगतो. मग दोन्ही चाचण्या दिलेली ७१ मुलंच धरली: गोष्ट वाचणारी ९ होती, ती ३४ झाली. गेलेल्या पंधरांची नोंद वेगळी दिली.

१२ मुलं अजून अक्षरावरच आहेत, हेही लिहिलं, आणि त्यांच्यासाठी वेगळा गट सुरू केल्याचंही. शाळेत शिक्षकही शिकवतातच, तुलनेला दुसरी शाळा नव्हती. म्हणून ‘आमच्यामुळे’ हा शब्द खोडून ‘या काळात’ केला.

सत्रांचा तक्ता आता शेवटी परिशिष्टात जातो.