उशीर होणार असेल तर सुपरवायझरला काय कळवाल

परक्या मुलखात नव्याने कामाला आलेल्या आपल्या माणसांपैकी निम्म्या जणांची पहिली तक्रार ऐकते ती हीच: "मी मेसेज केला होता, तरी मला बोलणी बसली." मेसेज दाखवा म्हटलं की त्यात असतं, "सॉरी मॅडम, बस चुकली, थोडा उशीर होईल." माफी आहे, कारण आहे, पण सुपरवायझरला हवं असतं तेच नाही.

मी वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते, म्हणून तिथलंच सांगते. सकाळची शिफ्ट सातची. रात्रपाळीची बाई तुम्ही आल्याशिवाय मजला सोडू शकत नाही. ज्या आजोबांना होइस्टने उचलून खुर्चीत बसवायचं असतं, त्यांच्यासाठी आमच्याकडे दोघी लागतात. त्यामुळे तुमचा मेसेज वाचताना सुपरवायझर एकच हिशोब करत असते: रात्रीच्या बाईला अर्धा तास थांबवून भागेल, की दुसऱ्या मजल्यावरून कुणाला आणावं लागेल, की सुट्टीवरच्या कुणाला फोन करायचा? "थोडा उशीर" यावरून यातलं काहीच ठरत नाही. वेळ लिहा. ७:३५ म्हणजे ७:३५.

ही वेळ काढायची कशी, ते नीट बघा. समजा सव्वासहाला कळलं की बस रद्द. पुढची ६:५०ची. प्रवास पंचवीस मिनिटांचा, म्हणजे सव्वासात. थांब्यापासून चालत सहा मिनिटं. मग लॉकर, गणवेश, हात धुणं, यात आणखी आठ. झाले ७:२९. आपली माणसं इथे "सव्वासातला पोचते" लिहून मोकळी होतात, कारण त्यांच्या मनात थांबा असतो. सुपरवायझरच्या मनात असते मजल्यावर हातमोजे घालून उभी असलेली बाई. म्हणून ७:३५ लिहा आणि ७:३०ला हजर व्हा. लवकरची वेळ देऊन ती पुन्हा चुकवलीत, तर सगळी जुळवाजुळव दुसऱ्यांदा करावी लागते, आणि राग त्याचाच जास्त येतो.

मेसेज एवढाच:

"मी (पूर्ण नाव), पहिला मजला, आज मंगळवार, सकाळी ७ची शिफ्ट. बस रद्द झाली. कामाला ७:३५ला सुरुवात करेन. मिळाला असेल तर कळवा."

वार लिहायचाच, विशेषतः रात्रपाळीला. मध्यरात्रीच्या आसपास पाठवलेला "उद्या" म्हणजे कुठला दिवस, हे वाचणाऱ्याला कळत नाही. उशिराचं कारण एका ओळीच्या पुढे नको. घरी काय झालं, रात्री झोप का नाही लागली, हे आपल्याला सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडे न सांगणं उद्धटपणाचं वाटतं. इथे लांब कारण वाचलं की वेळ कुठे लिहिलीय तेच शोधावं लागतं. कामाच्या ठिकाणच्या भाषेत हा मजकूर आजच लिहून फोनमध्ये ठेवा. पावसात थांब्यावर उभं राहून परक्या भाषेत वाक्यं जुळवणं फार अवघड जातं.

आता माझी चूक सांगते, कारण ती मला महागात पडली. पहिल्याच वर्षी, प्रोबेशनमध्ये असताना, मी वेळेत, व्यवस्थित मेसेज केला. पण केला सुपरवायझरच्या स्वतःच्या नंबरवर. त्या दिवशी तिची सुट्टी होती. मी निर्धास्त बसमध्ये बसून राहिले. इकडे रात्रीची बाई पन्नास मिनिटं ताटकळत थांबली, तिच्या मुलाला शाळेत सोडायचं राहिलं, आणि नोंदवहीत माझ्यापुढे "न कळवता गैरहजर" लागलं. माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. त्या बाईने माझ्याशी महिनाभर नीट बोलणं केलं नाही आणि ते तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

म्हणून, मेसेज गेला म्हणजे कळवलं असं नाही. निळ्या खुणा दिसल्या तरी नाही. "ओके" आलं तर कळवलं. दहा मिनिटांत उत्तर नाही आलं तर मजल्याच्या लँडलाइनवर फोन करा, कारण कामावर असताना फोन लॉकरमध्येच असतात. जी उचलेल तिचं नाव विचारा, आणि "तुम्ही शिफ्ट इन्चार्जला सांगाल ना?" एवढं वदवून घ्या. तो नंबर पहिल्याच दिवशी फोनमध्ये घाला आणि एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा, बॅटरी संपते तेव्हा तोच उपयोगी पडतो. मैत्रिणीला "तू सांग ना" म्हणू नका. ती अंगावर काम पडलं की विसरते आणि दोघींचं वाकडं येतं.

तिला तुमचं कार्ड पंच करायला तर कधीच सांगू नका. उशीर माफ होतो, हे होत नाही, आणि नोकरी दोघींचीही जाऊ शकते.

वाटेत आणखी उशीर होतोय असं दिसलं तर ७:३५ उलटायची वाट न बघता नवी वेळ लगेच कळवा. पोचल्यावर आधी रात्रीच्या बाईकडे जा, तिच्याकडून मजल्याचा ताबा घ्या आणि तिला घरी जाऊ द्या. सुपरवायझरशी बोलणं त्यानंतर.