‘३.२ ± १.८, पी = ०.०१८’ : नर्सिंग रिसर्च पेपरमधली एक ओळ नीट कशी वाचायची

स्टॅटिस्टिक्सच्या पेपरला रिसर्च आर्टिकलमधला एक टेबल देतात आणि खाली विचारतात, ‘इंटरप्रिट करा’. बहुतेक जण ‘पी ०.०५ पेक्षा कमी, म्हणून सिग्निफिकंट, म्हणून नल हायपोथिसिस रिजेक्ट’ एवढं लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. हे चूक नाही, पण अर्धंच आहे. उरलेले मार्क स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे एसडी, आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल यांमध्ये अडकलेले असतात. म्हणून इथे एकच टेबल घेऊ आणि त्याची एकच ओळ शेवटपर्यंत वाचू.

टेबल सरावासाठी रचलेला आहे, पण नागपुरातल्या कुठल्याही नर्सिंग कॉलेजच्या लायब्ररीत ‘शहरातील निवडक रुग्णालयांमध्ये’ असं शीर्षक असलेल्या डेझर्टेशनमध्ये शोभेल असा. विषय असा : सलाईनसाठी आयव्ही कॅन्युला लावण्याआधी त्या जागी बर्फ लावला तर टोचण्याचं दुखणं कमी होतं का? दोन गट, प्रत्येकात ३० पेशंट. दुखणं ० ते १० च्या स्केलवर मोजलं. बर्फ लावलेल्या गटाचा मीन ३.२, एसडी १.८. कंट्रोल गटाचा मीन ४.४, एसडी २.०. मीनमधला फरक १.२, त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.२२ ते २.१८, टी २.४४, पी ०.०१८.

आधी एसडी घ्या, कारण ती पेशंटबद्दल बोलते. १.८ म्हणजे बर्फाच्या गटातल्या पेशंटचे स्कोअर ३.२ च्या आजूबाजूला साधारण किती पसरलेत ते. डेटा घंटेच्या आकाराचा असेल तर जवळपास ६८ टक्के पेशंट मीनच्या एक एसडी आत, म्हणजे १.४ ते ५.० मध्ये येतात आणि ९५ टक्के पेशंट दोन एसडी आत. आता हे दुसरं गणित खरंच करून पाहा. ३.२ मधून ३.६ वजा केले तर उणे ०.४ येतं. दुखण्याच्या स्केलवर शून्याच्या खाली काहीच नाही! म्हणजे डेटा बहुधा एका बाजूला झुकलेला आहे. पुष्कळ पेशंट कमी आकड्यांवर दाटले असावेत आणि थोडे वर ७-८ पर्यंत गेले असावेत. मीन वजा दोन एसडी केल्यावर अशक्य आकडा आला की ‘डिस्ट्रिब्युशन बहुधा स्क्यूड आहे, मीडियन आणि इंटरक्वार्टाइल रेंज दिली असती तर बरं झालं असतं’ हे वाक्य उत्तरात लिहा. परीक्षकाला असं वाक्य फार क्वचित वाचायला मिळतं. प्रत्येक गटात ३० पेशंट असल्यामुळे टी टेस्ट यामुळे लगेच कोसळत नाही. गटात दहा-बारा पेशंट असते तर मान-व्हिटनी टेस्ट का वापरली नाही, असा प्रश्न विचारणं रास्त ठरलं असतं.

एसडीची सगळ्यात जास्त गल्लत होते ती स्टँडर्ड एररशी. कळमना मार्केटमधलं संत्र्याचं एक क्रेट डोळ्यांपुढे आणा. त्या क्रेटमधली संत्री एकमेकांपेक्षा वजनाने किती लहानमोठी आहेत, ती एसडी. तशीच पुष्कळ क्रेटं उचलून प्रत्येकाचं सरासरी वजन काढलं तर त्या सरासऱ्या किती इकडेतिकडे होतील, तो स्टँडर्ड एरर. क्रेटमध्ये जास्त संत्री भरली म्हणून संत्र्यांमधला लहानमोठेपणा कमी होत नाही, पण सरासरी मात्र जास्त स्थिर होते. म्हणूनच एसडीला नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळाने भागलं की स्टँडर्ड एरर मिळतो. आपल्या गटात १.८ भागिले ५.४८, म्हणजे ०.३३. एखाद्या पेपरात ‘३.२ ± ०.३३’ छापलं असेल तर सगळ्या पेशंटना जवळपास सारखंच दुखलं असं वाटतं, आणि ते खोटं असतं. शंका आली की तो आकडा संख्येच्या वर्गमुळाने गुणा. ०.३३ गुणिले ५.४८ म्हणजे पुन्हा १.८. दुखण्याच्या स्केलवर एवढा पसरा पटण्यासारखा असेल तर छापलेला आकडा बहुधा स्टँडर्ड एरर होता. टेबलाखालची बारीक अक्षरातली टीप वाचायला विसरू नका, ± म्हणजे काय ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.

आता फरकाकडे. टी आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल एकाच स्टँडर्ड एररमधून निघतात, म्हणून दोन्ही एकदमच काढायची सवय लावा :

```
SE     = √(1.8²/30 + 2.0²/30) = √0.241 = 0.491
t      = 1.2 / 0.491 = 2.44
df     = 30 + 30 − 2 = 58
95% CI = 1.2 ± 2.00 × 0.491 = 0.22 ते 2.18
```

२.०० हा टी टेबलमधला आकडा. पुस्तकाच्या मागच्या टेबलमध्ये डिग्री ऑफ फ्रीडम ५८ ची ओळ सहसा नसते. ४० समोर २.०२१ आणि ६० समोर २.००० असतं. यातलं काहीही घेतलं तरी इथे निष्कर्ष बदलत नाही. खरा घोटाळा कॉलमचा होतो. टेबलचं डोकं वन-टेल्डचं असेल तर ०.०५ च्या कॉलममध्ये ६० समोर १.६७१ मिळतं. आपला प्रश्न ‘फरक आहे का’ असा दोन्ही दिशांचा आहे, म्हणून अशा टेबलात ०.०२५ चा कॉलम बघायचा. कॅल्क्युलेटेड व्हॅल्यू बरोबर काढून टेबल व्हॅल्यू चुकीच्या कॉलममधून उचलली की सगळी मेहनत वाया जाते.

कॉन्फिडन्स इंटरव्हलचं वाक्य लिहिताना शब्द जपून वापरा. ‘९५ टक्के पेशंटचं दुखणं ०.२२ ते २.१८ ने कमी झालं’ हे साफ चूक. पेशंटचा पसरा एसडी सांगते. इंटरव्हल सांगतो ते खऱ्या सरासरी फरकाबद्दल. हाच अभ्यास याच पद्धतीने पुन्हा पुन्हा केला आणि दर वेळी असा इंटरव्हल काढला, तर शंभरातल्या सुमारे ९५ इंटरव्हलमध्ये खरा फरक सापडेल. आपला इंटरव्हल त्यातलाच एक. त्यात शून्य नाही, म्हणून ०.०५ च्या पातळीवर फरक सिग्निफिकंट. पेपरात ऑड्स रेशो किंवा रिलेटिव्ह रिस्क दिली असेल तर मात्र शून्य शोधत बसू नका, तिथे १ आत आहे का ते बघायचं.

पण इंटरव्हलचं खरं काम यानंतर सुरू होतं. दोन्ही टोकं नर्सच्या नजरेने वाचा. वरचं टोक २.१८. दहापैकी दोन आकड्यांनी दुखणं कमी झालं तर पेशंट स्वतःहून सांगेल. खालचं टोक ०.२२. एवढा फरक कुणाला जाणवणारही नाही. तीव्र वेदनेच्या अभ्यासांत १०० मिलिमीटरच्या पट्टीवर साधारण १३ मिलिमीटर, म्हणजे दहाच्या स्केलवर १.३, हा पेशंटला जाणवणारा किमान बदल म्हणून अनेकदा धरतात. आपला १.२ त्याच्या जरा खालीच आहे. तेव्हा उत्तर असं : फरक सांख्यिकीयदृष्ट्या सिग्निफिकंट आहे, पण वॉर्डात तो कितपत उपयोगी पडेल हे या नमुन्यावरून पक्कं सांगता येत नाही.

इथे एक सापळा हमखास असतो. प्रश्नात प्रत्येक गटाचा वेगळा इंटरव्हल देतात. बर्फाचा गट २.५३ ते ३.८७, कंट्रोल ३.६५ ते ५.१५. दोन्ही एकमेकांवर चढतात, म्हणून विद्यार्थी लिहितात ‘फरक नाही’. पण पी तर ०.०१८ आहे! गटांचे इंटरव्हल एकमेकांपासून पूर्ण सुटे असतील तर फरक सिग्निफिकंट असतो हे खरं. ते थोडे चढले म्हणून फरक नाही असं मात्र म्हणता येत नाही. कारण फरकाचा स्टँडर्ड एरर हा दोन्ही गटांच्या स्टँडर्ड एररची बेरीज नसते. ०.३३ अधिक ०.३७ म्हणजे ०.७० होतात, आणि वर वर्ग करून, बेरीज करून, वर्गमूळ काढल्यावर आपल्याला मिळाले ०.४९. निर्णय नेहमी फरकाच्या इंटरव्हलवरून घ्या.

पी व्हॅल्यू मुद्दाम शेवटी ठेवली. ०.०१८ चा अर्थ असा : बर्फाने खरोखर काहीच फरक पडत नाही असं धरलं, तरीही निव्वळ योगायोगाने १.२ किंवा त्याहून मोठा फरक, कुठल्याही बाजूने, दिसण्याची शक्यता हजारात १८. ‘नल हायपोथिसिस खरी असण्याची शक्यता १.८ टक्के’ असं लिहू नका, कारण हा आकडा ती खरी मानूनच काढलेला आहे. ‘बर्फ ९८.२ टक्के परिणामकारक’ हे तर त्याहून वाईट. पी परिणामाचा आकार सांगतच नाही.

ते पडताळायचं असेल तर मीन आणि एसडी तेच ठेवून प्रत्येक गटात फक्त १० पेशंट घ्या. स्टँडर्ड एरर ०.८५ होतो, टी १.४१ वर घसरतो, डिग्री ऑफ फ्रीडम १८ साठी टेबल व्हॅल्यू २.१०१. पी साधारण ०.१८ आणि इंटरव्हल उणे ०.५९ ते २.९९. फरक तोच १.२, पण आता नॉन-सिग्निफिकंट. अशा वेळी ‘बर्फाचा उपयोग नाही हे सिद्ध झालं’ किंवा ‘नल हायपोथिसिस ॲक्सेप्ट’ लिहिण्याऐवजी ‘रिजेक्ट करण्याइतका पुरावा नाही, इंटरव्हल फार रुंद आहे, नमुना लहान आहे’ असं लिहा. त्या इंटरव्हलमध्ये शून्य आहे तसा जवळपास तीन आकड्यांचा फरकही आहे.

एसपीएसएसच्या प्रिंटमध्ये `Sig. (2-tailed)` खाली `.000` दिसलं तर ते जसंच्या तसं उतरवू नका. पी शून्य नसते, सॉफ्टवेअर तीन दशांशांपर्यंतच दाखवतं. ‘पी < ०.००१’ लिहा.

आणि टेबलमध्ये एकच गट, प्री-टेस्ट, प्लॅन्ड टीचिंग, मग पोस्ट-टेस्ट असं असेल तर वरचं सूत्र लावू नका. तिथे पेअर्ड टी टेस्ट असते आणि डिग्री ऑफ फ्रीडम विद्यार्थ्यांच्या एकूण संख्येतून १ वजा. तिला प्रत्येक विद्यार्थ्याच्या दोन स्कोअरमधल्या फरकाची एसडी लागते, आणि ती प्री आणि पोस्टच्या दोन सुट्या एसडींवरून काढता येत नाही. अशा पेपरांत पी बहुतेक वेळा ०.००१ च्या खालीच असते. पण कंट्रोल गट नसल्यामुळे मार्क शिकवण्यामुळे वाढले की तीच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा सोडवल्यामुळे, हे ती पी सांगू शकत नाही. ‘लिमिटेशन लिहा’ असा उपप्रश्न असेल तर पहिलं वाक्य हेच.